सिल्वा बेटावरील सार्वभौमत्वाचा वाद: अर्जदार मेरांदा प्रजासत्ताकातर्फे लेखी निवेदन

आंतरराष्ट्रीय न्यायालय, पीस पॅलेस, हेग
मेरांदा प्रजासत्ताक (अर्जदार) विरुद्ध तोलव्हिया राज्य (प्रतिवादी)

अधिकारिता

उभय पक्षांनी १२ मार्च २०२१ रोजी केलेल्या विशेष करारान्वये, न्यायालयाच्या संविधीच्या कलम ३६(१) खाली हा वाद सन्माननीय न्यायालयापुढे आला आहे. अधिकारितेविषयी पक्षांत मतभेद नाही.

निर्णयासाठी प्रश्न

सिल्वा बेटावर सार्वभौमत्व मेरांदाचे आहे की तोलव्हियाचे?

वस्तुस्थिती

सिल्वा हे अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान खडकाळ बेट आहे. तेथे गोड्या पाण्याचा झरा नाही आणि कायम वस्तीही कधी नव्हती. मेरांदाच्या किनाऱ्यापासून ते ४१ सागरी मैलांवर, तर तोलव्हियाच्या किनाऱ्यापासून २६ सागरी मैलांवर आहे. १७८६ मध्ये तोलव्हियाच्या एका जहाजाने बेट पाहून नकाशावर टिपले. त्या जहाजातून कोणी बेटावर उतरल्याची नोंद नाही.

१८९४ मध्ये मेरांदाच्या नौदल अधिकाऱ्याने बेटावर ध्वज उभारला आणि त्याची घोषणा शासकीय राजपत्रात छापली गेली. १९०९ पासून पक्ष्यांच्या विष्ठेचे खत काढण्याचे परवाने मेरांदाच्या महसूल खात्याने दिले व त्यावर शुल्क वसूल केले. १९२७ मध्ये बेटाच्या खडकावर जहाज फुटून खलाशी मृत्यू पावले, तेव्हा मृत्यूची चौकशी मेरांदाच्या दंडाधिकाऱ्याने केली. १९४१ ते १९४६ या काळात युद्धामुळे बेटावर कोणतेही शासकीय काम झाले नाही. १९५३ च्या पक्षी संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत सिल्वाचे नाव आहे. त्याखाली अंडी चोरणाऱ्यांवर मेरांदाच्या न्यायालयात खटले चालले. १९६४ मध्ये दीपस्तंभ उभा राहिला. १९७९ मध्ये तोलव्हियाच्या जलआलेखन खात्याने भरती-ओहोटी मोजण्याचे यंत्र बसवण्यासाठी बेटावर उतरण्याची परवानगी मेरांदाकडे लेखी मागितली. ती अटींसह देण्यात आली. तोलव्हियाने १९९८ मध्ये प्रथमच सिल्वा आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला आणि मेरांदाने तत्काळ निषेध नोंदवला.

युक्तिवाद

१. तोलव्हियाचा १७८६ चा दावा पूर्ण हक्कापर्यंत कधीच पोहोचला नाही

तोलव्हियाची भिस्त शोधावर आहे. पाल्मास बेटाच्या १९२८ च्या निवाड्यात लवाद मॅक्स ह्यूबर यांनी असा दावा तपासला होता. अमेरिका स्पेनच्या शोधाच्या आधारे बेट मागत होती. शोधाने फार तर अपूर्ण हक्क मिळतो, तो वाजवी मुदतीत परिणामकारक ताब्याने पुरा करावा लागतो, असे ह्यूबर यांनी ठरवले. शिवाय हक्क निर्माण कसा झाला, एवढ्यावर परीक्षा संपत नाही. तो पुढे टिकवला का, हेही काळाच्या ओघात बदलणाऱ्या कायद्याने पाहिले जाते. तोलव्हियाने १७८६ नंतर शंभरहून अधिक वर्षे एकही कृती केली नाही. १८९४ मध्ये मेरांदाने ध्वज उभारला, तेव्हा सिल्वावर कोणाचीही सत्ता नव्हती.

सान्निध्याचा मुद्दा लांबवण्याची गरज नाही. किनाऱ्याजवळ आहे म्हणून बेट आपले, असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. हेही पाल्मासनेच स्पष्ट केले. पंधरा मैलांच्या फरकाने सार्वभौमत्व ठरत नाही.

२. मेरांदाची सत्ता हेतू आणि कृती या दोन्ही कसोट्यांवर उतरते

पूर्व ग्रीनलंड प्रकरणात (१९३३) या न्यायालयाच्या पूर्वसूरी स्थायी न्यायालयाने दोन घटक सांगितले: सार्वभौम म्हणून वागण्याचा हेतू आणि त्या सत्तेचा प्रत्यक्ष वापर. वापर किती हवा, हे प्रदेशावर अवलंबून असते. विरळ वस्तीच्या वा निर्मनुष्य प्रदेशात, दुसऱ्या राज्याचा वरचढ दावा नसेल, तर अगदी थोडी कृतीही पुरते. सिल्वावर पोलीस चौकी का नव्हती, असे प्रतिवादी विचारील. जेथे माणूस राहत नाही तेथे चौकी कोणासाठी?

आम्ही आमच्या पुराव्याची वर्गवारी प्रामाणिकपणे करतो. दीपस्तंभ हा आमचा मुख्य आधार नाही. दिवे आणि बोया नौकानयनाच्या सोयीसाठीही बसवले जातात. एरवी त्यावरून सार्वभौमत्व सिद्ध होत नाही. मात्र अतिशय लहान बेटांबाबत अशा साधनांना कायदेशीर महत्त्व असू शकते, हे कतार विरुद्ध बहरीन (२००१) आणि लिगितान व सिपादान (२००२) या निकालांत न्यायालयाने मान्य केले आहे. म्हणून तो पूरक पुरावा.

खरे वजन १९५३ च्या कायद्याला आणि १९०९ च्या परवान्यांना आहे. लिगितान व सिपादानमध्ये मलेशियाच्या बाजूने निर्णायक ठरले ते कासवाच्या अंड्यांचे नियमन आणि पक्षी अभयारण्य. वरवर किरकोळ वाटणारी, पण नेमक्या त्याच बेटांसाठी केलेली शासनाची कामे. आमच्या अनुसूचीत सिल्वाचे नाव आहे; कायदा सर्वसाधारण नाही. मिंकिये व एक्रेहो प्रकरणात (१९५३) न्यायालयाने जुन्या सरंजामी दाव्यांपेक्षा प्रत्यक्ष ताब्याचा पुरावा, म्हणजे फौजदारी खटले, प्रेतांची चौकशी, करवसुली, अधिक मोलाचा मानला. १९२७ ची दंडाधिकाऱ्यांची चौकशी त्याच जातीची आहे. परक्या भूमीवरील मृत्यूची चौकशी कोणतेही राज्य आपल्या कायद्याखाली करत नाही.

उलट, तोलव्हियाचे मच्छीमार हंगामात तेथे जाळी सुकवत, हे आम्हाला मान्य आहे. पण सरकारी नियमन वा अधिकार पाठीशी नसताना खासगी व्यक्तींनी केलेली कामे राज्याची कृती ठरत नाहीत. लिगितान व सिपादानमध्ये मलेशियाविरुद्ध इंडोनेशियाने केलेला हाच युक्तिवाद २००२ मध्ये फेटाळला गेला.

३. १९४१ ते १९४६ चा खंड हक्क नष्ट करत नाही

प्रतिवादीचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. क्लिपर्टन निवाड्यात (१९३१) फ्रान्सने १८५८ मध्ये घोषणा केल्यावर प्रत्यक्ष सत्ता क्वचितच दाखवली होती. तरीही बेट सोडून देण्याचा हेतू फ्रान्सने कधीच धरला नव्हता, म्हणून त्याचा हक्क गेला नाही, असे ठरले. मेरांदाने युद्ध संपताच परवान्यांचे नूतनीकरण केले. आणि त्या पाच वर्षांत तोलव्हियानेही बेटावर काही केले नाही.

४. तोलव्हियाचे वर्तन मेरांदाच्या हक्काला पुष्टी देते

राजपत्रातील घोषणा, कायदा, दीपस्तंभ: सर्व उघड. १९९८ पर्यंत निषेधाचा एक शब्द नाही. १९७९ चे पत्र तर मौनाच्याही पलीकडे जाते. पेद्रा ब्रांकाच्या निकालात (२००८) मलेशियाच्या अधिकाऱ्यांनी बेटावर जाण्यासाठी सिंगापूरची परवानगी घेणे न्यायालयाने महत्त्वाचे मानले. आपल्याच भूमीवर पाऊल ठेवण्यास कोणी शेजाऱ्याची परवानगी मागत नाही.

निर्णायक तारीख, म्हणजे ज्यानंतरच्या कृतींनी एरवी हक्क सिद्ध होत नाही ती, १९९८ धरावी. दीपस्तंभावर २००३ मध्ये बसवलेला सौरदिवा आम्ही नव्या हक्काचा पुरावा म्हणून देत नाही; ती १९६४ पासूनच्या देखभालीची स्वाभाविक पुढची पायरी आहे.

विनंती

म्हणून मेरांदा प्रजासत्ताक सन्माननीय न्यायालयास आदरपूर्वक विनंती करते की, सिल्वा बेटावरील सार्वभौमत्व मेरांदाचे आहे असे न्यायालयाने जाहीर करावे, आणि तोलव्हियाचा १७८६ च्या शोधावर व सान्निध्यावर आधारलेला दावा फेटाळावा.

सादर,
अर्जदारातर्फे वकील