जीपीयू वर्कस्टेशनसाठी निधी मंजूर होणेबाबत

सोलापूर
दिनांक : 12 जानेवारी 2026

प्रति,
मा. प्राचार्य

मार्फत : विभागप्रमुख, संगणक अभियांत्रिकी विभाग

विषय : कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेसाठी एक जीपीयू वर्कस्टेशन खरेदी करण्यास 12,15,400 रुपये (जीएसटीसह) मंजूर होणेबाबत.

संदर्भ : खरेदी समितीचा डिसेंबर 2025 च्या बैठकीतील शेरा.

महोदय,

वरील विषयाचा प्रस्ताव समितीकडून "गरज मान्य, परंतु स्पेसिफिकेशन जास्त वाटते, समर्थन जोडावे" अशा शेऱ्यासह परत आला आहे. त्यानुसार हे समर्थन सविनय सादर करीत आहे. बैठकीत दोन प्रश्न तोंडीही विचारले गेले. पहिला, गेमिंगचा चांगला पीसी का चालणार नाही? आणि दुसरा, गूगलचे ऑनलाइन कोलॅब फुकट असताना मशीन कशाला? त्यांची उत्तरे ओघात येतीलच.

प्रयोगशाळेत सध्या 40 संगणक आहेत. त्यांपैकी फक्त दोहोंत ग्राफिक्स कार्ड, म्हणजेच जीपीयू, आहे, तेही जीटीएक्स 1650, म्हणजे 4 जीबी मेमरीचे. अंतिम वर्षाच्या 30 गटांपैकी 19 गटांनी यंदा असे विषय घेतले आहेत ज्यांत मॉडेल प्रत्यक्ष ट्रेन करावे लागते. बाकीच्यांचे काम आहे त्या संगणकांवर भागते, त्यांच्यासाठी मी काहीही मागत नाही.

या 19 गटांची अडचण वेगाची नाही, मेमरीची आहे. वेग कमी असेल तर काम रात्रभर चालते आणि सकाळी निकाल मिळतो. मेमरी कमी पडली तर काम सुरूच होत नाही. पडद्यावर ही ओळ येते आणि प्रोग्रॅम थांबतो :

```
torch.cuda.OutOfMemoryError: CUDA out of memory.
```

म्हणून मागणीतील प्रत्येक वस्तू मी आधी मेमरीच्या बाजूने तपासली आहे. दोन प्रकल्पांवरून हे स्पष्ट होईल.

एक गट यंत्रमागावरच्या चादरीतील दोष कॅमेऱ्याने ओळखण्याचे काम करतो आहे. तुटलेला धागा फोटोत जेमतेम दोन-तीन पिक्सेल रुंद असतो. वस्तू ओळखणारी योलो जातीची मॉडेल्स एरवी चित्र 640 पिक्सेलपर्यंत लहान करून घेतात, आणि तेवढ्यात हा धागा पुसला जातो. मुलांनी चित्र 1280 ला ठेवले. लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट, म्हणजे पिक्सेल चौपट, आणि ट्रेनिंगच्या वेळी मधल्या थरांना लागणारी मेमरीही साधारण चौपट. 4 जीबीच्या कार्डात एका वेळी एकच चित्र मावते. बॅच इतकी लहान झाली की बॅच नॉर्मलायझेशनचे आकडे बेभरवशाचे होतात, आणि मॉडेल आज शिकलेले उद्या विसरल्यासारखे वागते. गटाने शेवटी पुन्हा 640 वर येऊन प्रकल्प रेटला आहे. जो दोष शोधायचा तोच चित्रात उरलेला नाही, आणि परीक्षक ते विचारणारच.

दुसरा गट शेतकऱ्यांच्या डाळिंबावरील प्रश्नांना मराठीत उत्तरे देणारे भाषा-मॉडेल तयार करतो आहे. तेल्या कधी पसरतो, बहार कोणता धरावा, फवारणीनंतर पाऊस आला तर काय करावे, असे प्रश्न. आठ अब्ज पॅरामीटरचे खुले मॉडेल घेतले, तर 16 बिट अचूकतेत एका पॅरामीटरला 2 बाइट लागतात, म्हणजे नुसते मॉडेल उघडायलाच 16 जीबी हवेत. ते पूर्णपणे नव्याने ट्रेन करायचे तर ॲडम ऑप्टिमायझरसह पॅरामीटरमागे साधारण 16 बाइट, म्हणजे 128 जीबी लागतील. ते आपल्या आवाक्यात नाही आणि मी ते मागतही नाही. मुले लोरा पद्धत वापरतात. तीत मूळ मॉडेल जसेच्या तसे ठेवून थोडेसेच नवे पॅरामीटर शिकवले जातात. मूळचे 16 जीबी, वर ट्रेनिंगचा भार, असे मिळून प्रश्नोत्तरांच्या लांबीनुसार 20 ते 28 जीबीपर्यंत जाते. 16 जीबीच्या कार्डात हे बसत नाही, 24 मध्ये अंग चोरून बसते, 32 मध्ये निवांत. मॉडेल 4 बिटांत आवळून लहान कार्डातही घुसवता येते आणि मुले आज तेच करतात. पण त्यामुळे गुणवत्ता किती घसरली हे तपासायला तुलनेसाठी न आवळलेले मॉडेल चालवावे लागते, आणि ते चालवायला मशीन नाही.

यावरून प्रत्येक कार्डाला 32 जीबी ही किमान मर्यादा ठरवली.

आता गेमिंग कार्डाबद्दल. 32 जीबीचे गेमिंग कार्ड आहे, आरटीएक्स 5090. ते मी सुचवलेल्या आरटीएक्स प्रो 4500 ब्लॅकवेलपेक्षा वेगवान आहे, यात शंका नाही. मेमरीचा वेग एकाचा सेकंदाला 1792 जीबी, दुसऱ्याचा 896, म्हणजे नेमका दुप्पट. पण 5090 ला एकटीला 575 वॅट लागतात, प्रो 4500 ला 200. आपल्याला कार्डे दोन हवी आहेत. दोन 5090 म्हणजे ट्रेनिंग चालू असेपर्यंत 1150 वॅट नुसत्या कार्डांचे, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, पारा 40 च्या वर असताना, बंद खोलीत रात्रभर इस्त्री चालू ठेवण्यासारखे. त्या खोलीतला एसी दीड टनाचा आहे आणि तो संध्याकाळी बंद होतो. शिवाय तेवढ्या भाराचा यूपीएस घ्यायचा तर वायरिंगपासून बदल करावे लागतील. प्रो 4500 च्या दोन कार्डांसह संपूर्ण मशीन पूर्ण भारावर 700 वॅटच्या आसपास राहते. तिला 2 केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस पुरतो, आणि वीज गेली तर ट्रेनिंगचा चेकपॉइंट जतन करून मशीन नीट बंद करायला वेळ मिळतो. शहरात वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको. प्रो मालिकेत ईसीसी मेमरीही आहे. रात्रभर चालणाऱ्या कामात एखादा बिट उलटला तर चूक तिथेच दुरुस्त होते.

एका मोठ्या कार्डाऐवजी दोन का? 48 किंवा 96 जीबीचे एकच कार्ड संशोधनासाठी जास्त सोयीचे, हे खरे. पण आपल्याकडे 19 गट आहेत. कार्ड एक असेल तर एका गटाचे काम चालू असताना बाकीचे 18 हात बांधून बसतात. ए100 किंवा एच100 सारखे कार्ड तुकडे पाडून अनेकांना एकाच वेळी देता येते, पण त्यांच्या किमतीचा विषयच नको. दोन कार्डे असली की दिवसा एकावर प्रात्यक्षिके, दुसऱ्यावर प्रकल्प, आणि रात्री दोन्ही रांगेतल्या कामांना, असा वापर होईल. रांग स्लर्म या खुल्या प्रणालीने लावली जाईल. विद्यार्थी आपल्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला एवढेच लिहील :

```
#!/bin/bash
#SBATCH --gres=gpu:1
#SBATCH --time=06:00:00
```

सहा तासांनी काम आपोआप थांबेल आणि पुढच्याचा नंबर लागेल. मग सरांच्या ओळखीने कोणी मशीन अडवून बसणार नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र मी मुद्दाम खाली आले आहे. एका पुरवठादाराने थ्रेडरिपर सुचवला होता. दोन कार्डांसाठी त्याची गरज नाही. 16 कोरचा रायझन 9 9950एक्स घेऊन दोन्ही कार्डांना पीसीआयई 5.0 च्या आठ-आठ लेन दिल्या, तर तेवढा मार्ग जुन्या 4.0 च्या सोळा लेनइतकाच रुंद असतो. मदरबोर्ड मात्र लेन अशा विभागून देणाराच हवा, ही अट तपशिलात ठळक केली आहे. रॅम 128 जीबी, पण 64 च्या दोनच पट्ट्या. चार पट्ट्या लावल्या की या प्लॅटफॉर्मवर वेग खाली येतो. रॅमचे भाव सध्या चढे आहेत. तरीही यात कपात करू नये, कारण कार्डांच्या एकूण मेमरीच्या दुप्पट रॅम ठेवली की डेटा भरताना कार्डे रिकामी बसत नाहीत.

कोलॅबबद्दल. मुले ते वापरतातच आणि पुढेही वापरतील. फुकटच्या कोलॅबवर बहुधा 16 जीबीचे टी4 कार्ड मिळते, तेही मिळेलच याची खात्री नाही. सेशन तुटले की तिथली साठवण पुसली जाते. पैसे भरून घ्यायचे तर ज्याच्या घरचे क्रेडिट कार्ड आहे त्याचा प्रकल्प पुढे सरकतो, हे मला प्रभारी म्हणून पटत नाही. केंद्राने मार्च 2024 मध्ये मंजूर केलेल्या इंडियाएआय मिशनखाली सवलतीत जीपीयू मिळतात. मोठ्या कामांसाठी आपण तिथे अर्ज करावा, असेच माझे मत आहे. पण अर्ज, मंजुरी आणि तास मोजून वापर, हे मंगळवारच्या प्रात्यक्षिकाला उपयोगाचे नाही. याखेरीज एक गट दवाखान्याकडून मिळालेल्या एक्स-रेवर काम करतो. ती चित्रे बाहेरच्या सर्व्हरवर टाकायची नाहीत, या अटीवरच ती दिली गेली आहेत.

जुनी 24 जीबीची आरटीएक्स 3090 कार्डे स्वस्तात घ्यावीत, अशीही एक सूचना होती. त्यांतली बरीच क्रिप्टो मायनिंगमध्ये वर्षानुवर्षे तापलेली असतात. पक्के बिल नाही, वॉरंटी नाही, लेखापरीक्षणात उत्तर नाही.

तीन दरपत्रकांपैकी सर्वात कमी दराच्या दरपत्रकानुसार खर्च असा :

जीपीयू, 32 जीबी, 2 नग : 5,80,000
प्रोसेसर, मदरबोर्ड, कूलर : 1,05,000
रॅम 128 जीबी : 1,25,000
एनव्हीएमई 2 व 4 टीबी, बॅकअपसाठी 8 टीबी हार्ड डिस्क : 85,000
कॅबिनेट व 1200 वॅट पॉवर सप्लाय : 45,000
2 केव्हीए ऑनलाइन यूपीएस, बॅटऱ्यांसह : 60,000
जोडणी व तीन वर्षांची जागेवर वॉरंटी : 30,000
एकूण : 10,30,000
जीएसटी 18 टक्के : 1,85,400
एकंदर : 12,15,400 रुपये

सॉफ्टवेअरवर खर्च नाही. उबंटू, पायटॉर्च, स्लर्म सर्व मोफत आहे आणि त्यांचे इन्स्टॉलेशन मी व प्रयोगशाळा सहायक करू. ब्लॅकवेल कार्डांना कुडा 12.8 किंवा पुढची आवृत्ती लागते, त्यामुळे सध्याच्या प्रात्यक्षिक पुस्तिकेतील इन्स्टॉलेशनचे पान बदलावे लागेल. ते काम मशीन येईपर्यंत होईल. विजेचा खर्च, रोज दहा तास पूर्ण भार आणि महिन्याला 25 दिवस धरले तर 175 युनिटांच्या घरात जाईल.

एवढी रक्कम एकदम शक्य नसेल, तर एक कार्ड आता आणि एक पुढील आर्थिक वर्षात घेता येईल. तसे झाल्यास आत्ताचा खर्च जीएसटीसह 8,73,200 रुपये होईल. मात्र मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि यूपीएस आजच दोन कार्डांच्या हिशोबाने घ्यावेत, नाहीतर पुढच्या वर्षी तेच पुन्हा विकत घ्यावे लागतील. जुलैमध्ये नवे सत्र सुरू होते. पुरवठ्याला सहा ते आठ आठवडे लागतील असे पुरवठादार सांगतात, आणि चालू वर्षाचा निधी मार्चअखेर परत जातो. तरी समितीच्या जानेवारीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. बैठकीस बोलावल्यास मी दरपत्रकांसह उपस्थित राहीन.

कळावे,

आपली विश्वासू,
प्रभारी, कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळा
संगणक अभियांत्रिकी विभाग

सोबत : तीन दरपत्रके व तुलनात्मक तक्ता, तांत्रिक तपशील, 19 प्रकल्पांची यादी, विद्युत भाराबाबत देखभाल विभागाचा अभिप्राय.