शिवलेले कपडे तयार असल्याबाबत

माननीय ताई,

सप्रेम नमस्कार. पावती क्रमांक ३१७ अन्वये आपण शिवायला दिलेली नऊवारी साडी, तिच्यावरील अस्तराचे दोन ब्लाउज आणि लेकीचा परकर-पोलका असे सर्व कपडे तयार झाले आहेत. नऊवारीच्या काठाची जुळणी हातशिलाईने केल्यामुळे थोडा अधिक वेळ लागला, परंतु काठ कोठेही तुटलेला नाही.

शिलाई २,४०० रुपये आणि अस्तराचे ३०० रुपये मिळून एकूण २,७०० रुपये होतात. आपण दिलेले १,००० रुपये आगाऊ वजा जाता १,७०० रुपये बाकी आहेत. ती रोख किंवा यूपीआयने देता येईल.

दुकान सकाळी १० ते दुपारी १ आणि उन्हामुळे मधली वेळ बंद ठेवून सायंकाळी ५ ते रात्री ९ पर्यंत उघडे असते. आखाजीच्या दिवशी मात्र दुकान पूर्ण बंद राहील, म्हणून लेक माहेरी आल्यावर तिला घालून पाहता यावे यासाठी दोन दिवस आधीच यावे, ही विनंती. कंबर वा बाही सैल-घट्ट वाटल्यास तेथेच, वेगळे पैसे न घेता, दुरुस्त करून देऊ. येताना पावती आणावी. दुसऱ्या कोणास पाठवल्यास त्यांच्याजवळ ती द्यावी.

आपला,
शिंपी, सुभाष चौक, जळगाव