आंबिल ओढ्याकाठचा कोपरा : सफाई मोहिमेच्या व्हिडिओची स्क्रिप्ट

(अरण्येश्वर, पुणे. दोन-अडीच मिनिटं. मोबाईल आडवा धरा, म्युझिक नको, लोकांचे आवाज नीट ऐकू आले पाहिजेत.)

सीन १ : आधी
सकाळची वेळ. ओढ्याच्या भिंतीलगतचा कोपरा, फुटलेल्या पिशव्या, शहाळी, थर्माकोल, जुनी गादी, वर कुत्री. मग क्लोजअप : गाठ मारलेली कॅरीबॅग, आत निर्माल्य, झेंडू अजून पिवळाधमक आणि त्याच पिशवीत वापरलेलं डायपर. इथे कॅमेरा थांबू द्या, घाईत कट नको.

निवेदन : हा कोपरा रोज झाडला जातो बरं का, तरी रात्रीत परत भरतो. कारण सकाळी कचरा न्यायला येतात तेव्हा अर्धी लोकं ड्युटीवर निघालेली असतात, मग जाता जाता पिशवी इथेच टाकतात.

सीन २ : काम चालू
हातमोजे, घमेली, फावडी. दोन पोरं गादी ओढतायत.

भाडेकरू दादा : मीपण इथेच टाकायचो, खरं सांगतो. शिफ्ट सहाला, डबा घरात ठेवला तर वास येतो, मग करणार काय? आता शेजारच्या काकू माझा डबा देतात, विषय संपला.

काकू : २०१९ च्या सप्टेंबरात, २५ तारखेच्या रात्री ओढ्याला पूर आला तो आम्ही बघितलाय. पाऊस काय आपल्या हातात नाही, पण पुलाखाली प्लॅस्टिक अडकलं की पाण्याला वाटच राहत नाही, ते तरी आपल्या हातात आहे ना.

कचरावेचक ताई (त्यांचे हात दाखवा, चेहरा त्यांना चालत असेल तरच) : ओला-सुका वेगळा द्या, एवढंच. काच फुटली तर कागदात गुंडाळा, हाताला लागते. पॅड, डायपर पण कागदात, वरून लाल ठिपका काढा म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागत नाही.

सीन ३ : नंतर
सीन १ चाच अँगल. भिंतीला चुना, खाली रांगोळी, कुंड्या, निर्माल्यासाठी वेगळं पिंप. त्यानंतर रात्रीचा शॉट : एक जण पिशवी घेऊन येतो, शाळेतली मुलगी पुढे होते.

मुलगी : काका, इथे नका ना टाकू. उद्या सकाळी आमच्याकडे द्या, आई देईल ताईंना.

काका पिशवी घेऊन परत फिरतात. (त्यांचा चेहरा ब्लर करा, कुणाची बदनामी करायची नाहीये आपल्याला.)

निवेदन : सफाई एका सकाळीत झाली पण राखायला रोज कुणीतरी उभं राहतंय, आणि ज्यांना सकाळी जमत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक घर ठरवलंय. तुमच्या बिल्डिंगचं घर कुठलं ते जिन्याखालच्या बोर्डावर लिहिलंय.

शेवटची पाटी
पुढचा टप्पा पुलापलीकडची बाजू. रविवारी सकाळी ७ वाजता, पुलापाशी. बूट घालून या, हातमोजे आम्ही देतो.