गाडीत उभं राहून दुखणाऱ्या पोटऱ्या-तळव्यांसाठी संध्याकाळची बारा मिनिटं

नागपूरहून सिंदी, वर्ध्याकडं गर्दीत उभ्यानं आलात की लगेच बाजेवर पडू नका. हातपाय धुवा, पाणी प्या, ओसरीत दोन मिनिटं चाला. थंड स्नायू नीट ताणला जात नाही.

भिंतीला तळहात टेका. एक पाय हातभर मागं, गुडघा सरळ, टाच जमिनीला. पोटरी ताणली जाईपर्यंत पुढं झुका. ३० सेकंद, प्रत्येक पायाला दोनदा. इथं हमखास चूक होते ती मागच्या पावलाची: बोटं बाहेर वळतात, ताण पोटरीवरून निसटतो आणि पावलाची कमान खचते. बोटं भिंतीकडंच हवीत. टाच उचलत असेल तर पाय थोडा जवळ घ्या. हिसके देऊ नका.

आता तोच मागचा गुडघा थोडा वाकवून पुन्हा ३० सेकंद. हे टाळू नका. पोटरीचा आतला स्नायू गुडघा वाकवल्यावरच नीट ताणला जातो.

मग बसून पाय मांडीवर घ्या, पायाची बोटं नडगीकडं ओढून १० सेकंद धरा, दहा वेळा. तळव्याखाली लाटणं मिनिटभर फिरवा (स्वयंपाकाचं नको, जुनं वेगळं ठेवा). शेवटी पाठीवर पडून पाय भिंतीवर, ४ मिनिटं.

ताण जाणवावा, कळ नाही. एकच पोटरी सुजली, गरम किंवा लाल झाली तर ताणू किंवा चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. मधुमेह असेल तर तळवा आधी बघून घ्या, जखम असल्यास लाटणं नकोच.