कुर्ला पश्चिम ते बीकेसी बसप्रवास : प्रश्नावलीचा दुसरा मसुदा

(सर्वेक्षण संशोधनाच्या व्याख्यानातल्या टिपणांवरून, आपल्या गटासाठी. कंसातला मजकूर लोकांना वाचून दाखवायचा नाही.)

"नमस्कार. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी. बस मिळायला किती वेळ जातो याचा अभ्यास करतोय. नाव, नंबर काही लिहून घेणार नाही. नको वाटलं तर मध्येच थांबवा. विचारू का?"

१. आज कुर्ला स्टेशनवरून इथे कशाने आलात? बेस्ट बस / शेअर रिक्षा / स्वतंत्र रिक्षा / चालत / इतर
(नाममात्र श्रेणी, टक्केवारी काढता येईल, सरासरी नाही. बस नसेल तर थेट ५.)

२. थांब्यावर किती वाजता पोहोचलात?
(अंतराल श्रेणी. घड्याळातल्या वेळेला खरा शून्य नसतो.)

३. आज बससाठी किती मिनिटं थांबलात?
(गुणोत्तर श्रेणी. लगेच मिळाली तर ०. आधी 'साधारण किती थांबता?' असं होतं. त्यावर एक ताई "अर्धा तास" म्हणाल्या. आजचं विचारलं तर दहा मिनिटं. माणूस वाईट दिवसच लक्षात ठेवतो, म्हणून 'आज' हा शब्द विचारताना गाळू नका.)

४. अ) सकाळी कुर्ला स्टेशनवरची बस वेळेवर येते.
आ) बसमध्ये नीट उभं राहायला जागा मिळते.
अजिबात पटत नाही / पटत नाही / मधलं मत / पटतं / पूर्ण पटतं / माहीत नाही
(लिकर्ट पद्धत, १९३२ पासूनची. क्रमवाचक असल्याने मध्यक काढू, सरासरी नाही. 'माहीत नाही' मोजणीबाहेर. आधी दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात होत्या, "वेळेवर येते हो, पण शिरायचं कसं?" असं उत्तर आलं, तेव्हा दोन केल्या.)

५. गेल्या सात दिवसांत बसची वाट पाहून शेवटी रिक्षा किती वेळा केलीत?
(गुणोत्तर. सर्वांना विचारायचा.)

६. महिन्याचा प्रवासखर्च? ५०० रुपयांपेक्षा कमी / ५०० ते ९९९ / १,००० ते १,९९९ / २,००० किंवा जास्त
(गट केल्यामुळे क्रमवाचक. उत्पन्नाचा प्रश्न काढला. तो आला की लोक बोलणंच थांबवत होते.)

पूर्वचाचणीची नोंद

पूर्वचाचणी कुर्ल्याच्या थांब्यावर घेतली, तिथेच खरी अडचण आहे. बस आली की माणूस अर्ध्या प्रश्नावर पळतो. ते एकवेळ चालेल. पण ज्याला लगेच बस मिळते तो आपल्याला भेटतच नाही, आणि जो जास्त थांबतो तो भेटण्याची शक्यता जास्त. म्हणजे प्रतीक्षेची सरासरी फुगणार. शिवाय कंटाळून बस सोडलेले लोक शेजारच्या शेअर रिक्षाच्या रांगेत. ते नमुन्यात नाहीत, आणि बसबद्दल सगळ्यात जास्त सांगण्यासारखं त्यांच्याकडेच आहे.

म्हणून आता बीकेसीत, बस आणि रिक्षा दोन्हींतून उतरणाऱ्यांपैकी दर पाचव्या माणसाला विचारायचं. नकार दिला तर वेळ आणि वाहन नोंदवा. त्याच्याऐवजी सोयीचा दुसरा माणूस पकडू नका. मसुद्याची हिंदी प्रतही सोबत ठेवा, आणि प्रश्न आयत्या वेळी मनाने भाषांतर करून विचारू नका.