चोखोबांचा 'ऊस डोंगा' : सोप्या भाषेत अर्थ आणि प्रश्न

नववीच्या पोरांनो, सोमवारच्या तासाला हा अभंग घेणार आहे, त्याआधी हे एकदा वाचून या. आधी मूळ अभंग मोठ्याने दोनतीनदा म्हणा, मनातल्या मनात नको, कारण हा म्हणायसाठीच रचलाय आणि म्हटला की अर्धा अर्थ आपोआप लागतो.

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥१॥
कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥२॥
नदी डोंगी परी जळ नोहे डोंगें ।
काय भुललासी वरलिया रंगें ॥३॥
चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥४॥

अडणारे शब्द थोडेच आहेत. डोंगा म्हणजे वाकडा, वेडावाकडा. परी म्हणजे पण. नोहे म्हणजे नाही. वरलिया रंगा म्हणजे वरवरचं रूप, नुसता लाल-पिवळा रंग असं धरू नका. जळ म्हणजे पाणी आणि कमान म्हणजे इथे धनुष्य, दरवाजावरची कमान नाही, दरवर्षी कुणीतरी तसं लिहितं.

कवीबद्दल थोडं माहीत असायलाच हवं नाहीतर शेवटचं कडवं हातातून निसटतं. चोखामेळा हे तेराव्या-चौदाव्या शतकातले संत, मंगळवेढ्याचे, महार जातीचे, नामदेवांना गुरू मानणारे. घरातली बाकीची माणसंही अभंग रचायची, बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. विठ्ठलावर जीव, पण त्या काळी त्यांच्या जातीच्या माणसाला देवळाच्या आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती, दर्शन बाहेरूनच. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि आज त्यांची समाधी विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे. म्हणजे बाहेरच. आणि ते मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

आता गद्य अर्थ.

ऊस दिसायला वेडावाकडा असतो, पण म्हणून त्यातला रस काही वाकडा नसतो. मग तू वरच्या दिसण्यालाच का भुललास? धनुष्य वाकलेलं असतं पण त्यातून सुटणारा बाण वाकडा नसतो. नदी वळणं घेत घेत वाहते, तिचं पात्र वाकडंतिकडं असतं, तरी तिचं पाणी वाकडं नसतं. तसाच हा चोखा, वरून वाकडा असेल, पण त्याच्या मनातला भाव वाकडा नाही. असं असताना तू बाहेरच्या रूपालाच का भुलून बसलायस?

एवढंच. 'या अभंगातून संत चोखामेळा आपल्याला असा संदेश देतात की' असली वाक्यं सरळार्थात घालू नका प्लीज, ती भावार्थाच्या प्रश्नाला ठेवा. सरळार्थ म्हणजे त्यांचं बोलणं आजच्या बोलीत, ना एक गोष्ट जास्त ना एक कमी. आणि 'काय भुललासी' हा प्रश्न आहे तर तो प्रश्नच ठेवायचा, त्याचं 'बाह्यरूपाला भुलू नये' असं केलं की समोर उभं राहून विचारणारा माणूस गायब होतो आणि भिंतीवरचा सुविचार उरतो. ध्रुवपद चार वेळा आलंय, गद्यात प्रत्येक वेळी लिहायलाच पाहिजे असं नाही, मी वर दोनदा घेतलंय, पहिल्यांदा आणि शेवटी, कारण शेवटी ते वेगळं ऐकू येतं.

आता प्रश्न. पहिल्या तिघांची उत्तरं देतोय, बाकीची तुम्ही लिहून आणा.

१. पहिल्या तीन कडव्यांत कोणत्या जोड्या आल्यात?
ऊस आणि रस, धनुष्य आणि बाण, नदी आणि पाणी. प्रत्येक जोडीत एक दिसायला वाकडं, दुसरं नाही.

२. पाणी तर नदीबरोबरच वळतं, मग 'जळ नोहे डोंगें' कसं?
शंका बरोबर आहे आणि यायलाच हवी. पाणी वळतं पण पाण्याचा गुण वळत नाही, वळणाच्या अलीकडे तहान भागवतं तसंच पलीकडेही. रसाचंही तेच, उसाचं कांडं कितीही वाकडं निघू दे, गोडी तीच. इथे वाकडेपणा आकाराचा आहे आणि कवी बोलतोय गुणाबद्दल. बाणाचं मात्र जरा वेगळं आहे बघा, तो खरोखरच सरळ असतो, आणि धनुष्य वाकतं म्हणूनच तर तो सुटतो. हे शेवटचं अभंगात शब्दांत नाहीये, त्यामुळे लिहिलंत तर 'मला असं वाटतं' म्हणून लिहा.

३. चौथं कडवं आधीच्या तिघांपेक्षा वेगळं कसं?
आधी सगळे दाखले बाहेरच्या जगातले, कुणालाही पटतील असे, ऐकणारा तिन्ही वेळा हो हो म्हणत येतो आणि मग एकदम त्याच जागी चोखोबा स्वतःला उभं करतात. आता नाही म्हणायची सोय नाही, रसाला हो म्हणालात ना मग माझ्या भावालाही म्हणा. दुसरं म्हणजे नाममुद्रा. पुष्कळ अभंगांत शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' असं येतं, इथे 'म्हणे' नाहीये, कवीचं नाव थेट दाखल्यातच बसलंय. स्वतःला ते डोंगा म्हणतात म्हणजे ते स्वतःला कमी समजतात असं घाईघाईने लिहू नका. लोक ज्या वाकडेपणावरून त्यांना दूर ठेवत होते तो शब्द ते उचलतात आणि लगेच 'परी' म्हणतात. माझ्या मते अख्खा अभंग त्या 'परी'वर उभा आहे.

४. 'काय भुललासी' हे कोणाला विचारलंय? देवळात जाऊ न देणाऱ्याला, ऐकणाऱ्या कुणालाही, की प्रत्यक्ष विठ्ठलाला? एक बाजू घ्या आणि अभंगातल्याच शब्दांच्या आधाराने चारपाच ओळी लिहा. यात एकच बरोबर उत्तर नाहीये, पण आधार नसेल तर मार्क नाहीत.

५. कवीचं नाव आणि त्याची सगळी माहिती झाकली आणि फक्त अभंग वाचला तर अर्थात काय उरतं आणि काय जातं?

६. पाचवं कडवं रचा, चौथ्याच्या आधी बसेल असं. वस्तू तुमची, पण बाहेरून वाकडी आणि आतून नाही अशीच हवी, आणि पहिली ओळ 'डोंगा परी' किंवा 'डोंगी परी' या चालीत म्हणता आली पाहिजे. नारळ आणि फणस खूप जण आणतात, ते कठीण आणि काटेरी आहेत, वाकडे नाहीत, तेव्हा जरा शोधा.