कार बुक करायच्या आधी कर्जाची मंजुरी सगळ्या अटींसकट लेखी मिळावी म्हणून बँक मॅनेजरांना पत्र

दिनांक: 12 जानेवारी 2026

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक साहेब

विषय: 8 लाखांच्या कार लोनचं मंजुरीपत्र आणि केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चांचं की फॅक्ट स्टेटमेंट, बुकिंगच्या आधी लेखी मिळण्याबाबत

साहेब, नमस्कार.

माझं पगाराचं खातं तुमच्याच शाखेत आहे आणि कार लोनचा अर्ज मी मागच्या आठवड्यात लोन डेस्कला दिलाय. सॅलरी स्लिप, फॉर्म 16, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, डीलरचं कोटेशन, सगळं सोबत जोडलंय. डेस्कवरच्या साहेबांनी कागद बघून लगेच सांगितलं की मॅडम तुमचं प्रोफाइल चांगलंय, होऊन जाईल, तुम्ही बिनधास्त बुकिंग करून टाका. त्यांनी आपुलकीनेच सांगितलं, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण साहेब, बुकिंगला 25,000 भरायचेत आणि डीलरच्या फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय की ग्राहकाने बुकिंग रद्द केलं तर त्यातून कॅन्सलेशन चार्ज कापणार. लोन झालं नाही किंवा कमी झालं तर ते कारण डीलर ऐकून घेणार नाही, त्याच्या दृष्टीने रद्द मीच केलं. म्हणून आधी तुमचा कागद हातात येऊ दे, मग बुकिंग, असं मी ठरवलंय.

माझ्या नात्यातच असं झालंय. दुसऱ्या एका बँकेत तोंडी हो म्हणाले, त्यांनी बुकिंग केलं, जुनी गाडीही विकून टाकली, आणि गाडी यार्डात येऊन उभी राहिल्यावर बँक म्हणाली की रक्कम एवढी नाही बसत. उरलेले पैसे त्यांना घाईघाईत एफडी मोडून उभे करावे लागले. कोणी कधी काय बोललं होतं ते दाखवायला त्यांच्याकडे एक चिठ्ठीसुद्धा नव्हती.

आता मला नेमकं काय हवंय ते सांगते, थोडं लांबेल पण एकदाच सगळं विचारलेलं बरं.

सगळ्यात आधी रक्कम, आणि ती कशावर धरली ते. कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत 9,20,000 आहे आणि रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स धरून ऑन-रोड 10,60,000 होतात. मी 8 लाख मागितलेत, वरचे 2,60,000 माझे तयार आहेत. डेस्कवर मला "ऐंशी टक्के मिळतात" एवढंच सांगितलं, पण ऐंशी टक्के कशाचे? ऑन-रोडचे धरले तर 8,48,000 होतात, म्हणजे माझे 8 लाख आरामात बसतात, आणि एक्स-शोरूमचे धरले तर 7,36,000 होतात, म्हणजे मला 64,000 कमी पडणार आणि ते ऐनवेळी कळून काही उपयोग नाही. त्यामुळे मंजूर रक्कम आकड्यात, ती कुठल्या किमतीवर धरली आणि माझं मार्जिन किती, एवढं स्पष्ट लिहून द्या. मी आणि माझे मिस्टर मिळून होम लोनचा हप्ता भरतो तो अर्जात दाखवलाच आहे, तो धरूनच पात्रता काढा, म्हणजे नंतर "अहो हा हप्ता आम्ही धरला नव्हता" असं व्हायला नको. मिस्टरांना सहकर्जदार घ्यावं लागणार असेल किंवा जामीनदार लागणार असेल तर तेही आत्ताच सांगा.

मग व्याजदर. तोंडी मला "नऊच्या आसपास" सांगितलंय. आसपासवर हिशोब बसत नाही हो साहेब. 8 लाख, 60 महिने, 9.25 टक्क्यांनी हप्ता साधारण 16,704 येतो आणि 9.75 ने साधारण 16,899, म्हणजे अर्ध्या टक्क्यात पाच वर्षांत साडेअकरा हजारांच्या वर फरक पडतो, आमच्या घरात ही रक्कम लहान नाही. दर रिड्यूसिंग आहे की फ्लॅट तेही लिहा, कारण शोरूममध्ये बसलेल्या फायनान्सवाल्याने मला "फक्त साडेपाच टक्के" सांगितलं आणि ऐकायला ते फारच गोड वाटलं, पण घरी येऊन मांडलं तर 8 लाखांवर साडेपाच टक्के फ्लॅटने पाच वर्षांचं व्याज 2,20,000 होतं, हप्ता 17,000, आणि रिड्यूसिंगमध्ये बघितलं तर तो दर जवळजवळ 10 टक्के निघतो. त्याच्यापेक्षा तुमचा दर चांगला आहे म्हणून तर मी तुमच्याकडे आले, पण तो कागदावर असल्याशिवाय मी दोन ऑफर शेजारी शेजारी ठेवून बघणार कशी?

दर फिक्स्ड आहे की फ्लोटिंग तेही हवं. फ्लोटिंग असेल तर कुठल्या बेंचमार्कला जोडलाय, त्यावर तुमचा स्प्रेड किती, रीसेट किती महिन्यांनी होतो, आणि दर वाढला तर हप्ता वाढणार की मुदत. पगार खातं असल्याची जी सवलत सांगितली ती पूर्ण मुदतीसाठी आहे की पगार दुसरीकडे गेला की जाते, हेही लिहा, नोकरी बदलायचा सध्या विचार नाही पण पाच वर्षांचं कोण सांगणार.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून सगळ्या नव्या रिटेल मुदत कर्जांना केएफएस द्यावंच लागतं, आणि करारावर सही व्हायच्या आधी द्यावं लागतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. ते मला मंजुरीपत्रासोबत द्या आणि शक्यतो मराठीत द्या, कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं असतंच, आणि माझ्या मिस्टरांनाही ते नीट वाचायचंय. त्यात एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर, आणि हप्त्यांचं पूर्ण शेड्यूल येतं ना, मला तेच बघायचंय, कारण नुसत्या व्याजदरात प्रोसेसिंग फी, त्यावरचा जीएसटी, डॉक्युमेंटेशन, स्टॅम्प ड्युटी हे काहीच दिसत नाही. प्रोसेसिंग फी कर्ज न उचलल्यास परत मिळते की नाही तेही एका ओळीत लिहा. केएफएसमध्ये नसलेला कुठलाही चार्ज नंतर माझ्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही, त्यामुळे जे काही लावायचंय ते आत्ताच त्यात येऊ दे.

आता मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची आहे ते, म्हणजे डिलिव्हरीचा वेटिंग पिरियड. मला हवं ते मॉडेल आणि रंग धरून डीलर दोन ते अडीच महिने सांगतोय. तुमची मंजुरी किती दिवस चालते? साठ दिवसच चालत असेल तर गाडी येण्याआधीच ती संपणार, मग नवीन अर्ज, नवीन क्रेडिट रिपोर्ट, नवीन दर असं सगळं परत होणार का, की एक्स्टेन्शन मिळतं, आणि मिळत असेल तर त्याला काही फी आहे का? दर मंजुरीच्या दिवशीचा लागणार की पैसे सुटतील त्या दिवशीचा? आणि गाडीची किंमत डिलिव्हरीच्या दिवशी जी असेल ती लागते असं डीलरने लिहूनच दिलंय, मधल्या काळात कंपनीने किंमत वाढवली तर वाढीव रकमेचं काय, मंजुरी तीच राहते ना? या प्रश्नांवर डेस्कवर मला तीन वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी उत्तरं मिळाली, म्हणून हा भाग मुद्दाम तुमच्या सहीने हवाय.

याला जोडूनच, व्याज पैसे डीलरच्या खात्यात प्रत्यक्ष गेले त्या तारखेपासूनच लागेल हे लिहून द्या, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून नको. एप्रिल 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने या गोष्टीवर बँकांना बजावलंय. पहिला हप्ता ॲडव्हान्स कापणार असाल तर तेही आधी सांगा, कारण हप्ता पहिल्याच दिवशी कापला आणि व्याज पूर्ण 8 लाखांवर लावलं तर तो माझ्यावर अन्याय होईल. पैसे डीलरला थेट जाणार असतील तर मार्जिनची पावती कोणाला आणि कधी दाखवायची तेवढं कळवा.

मुदतीआधी फेडण्याचंही विचारते, कारण दोन वर्षांनी माझी एक पॉलिसी मॅच्युअर होतेय आणि ते पैसे यातच घालायचेत. फ्लोटिंग दराच्या कर्जावर, ते धंद्यासाठी नसेल तर, वैयक्तिक कर्जदाराकडून प्रीपेमेंट चार्ज घेता येत नाही. फिक्स्ड असेल तर मात्र तुमचा चार्ज किती आणि पार्ट पेमेंट चालतं का ते हवंय. हप्ता चुकला तर पीनल चार्ज किती आणि ईसीएस बाउन्सचा चार्ज किती, दोन्ही रुपयांत लिहा, पीनल चार्जवर पुन्हा व्याज लागत नाही हे मला माहितीये.

इन्शुरन्सबद्दल एकच. गाडीचा इन्शुरन्स मी घेणारच, त्यावर बँकेचं नाव हायपोथिकेशनमध्ये टाकून देईन, पण कंपनी मी निवडणार. आणि लोन प्रोटेक्शन म्हणून जी पॉलिसी डेस्कवर सुचवली ती मला नकोय, माझा टर्म प्लॅन आहे. मंजुरी त्या पॉलिसीवर अवलंबून नाही असं पत्रात आलं तर बरं होईल, आणि तिचा प्रीमियम कर्जात मिळवू नका.

बाकी आरसीवर बोजा चढवायचा खर्च कोणाचा, कर्ज फिटल्यावर एनओसी आणि फॉर्म 35 किती दिवसांत देता, कोरे चेक घेणार असाल तर किती, एवढं थोडक्यात लिहिलं तरी चालेल.

डीलरचं कोटेशन 31 जानेवारीपर्यंतच चालणार आहे. मंजुरीपत्र आणि केएफएस मला 22 तारखेपर्यंत मिळालं तर ते नीट वाचून मी बुकिंग करू शकेन. नियमाने केएफएस दिल्यावर कर्जदाराला विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, ते मी वापरणार आहे, कृपया त्याच दिवशी सही करायची घाई करू नका. अर्जात काही कमी असेल किंवा रक्कम बसत नसेल तर तेही सरळ कळवा, मी लहान मॉडेल बघेन, त्याचं मला वाईट वाटणार नाही. नाही म्हणायचं असलं तरी कारणासह लेखीच द्या. आणि ही सगळी उत्तरं मिळेपर्यंत माझ्या अर्जावर डिस्बर्समेंटची कुठलीही प्रक्रिया सुरू करू नये ही विनंती.

या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख टाकून द्यायला सांगा. उत्तर अर्जावरच्या ईमेलवर पाठवलं तरी चालेल, मूळ प्रत मी शाखेत येऊन घेऊन जाईन. भेटायला बोलावलंत तर शनिवारी सकाळी मला जमतं, फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सोडून, तेव्हा तुमचीच सुट्टी असते.

आपली,
सुजाता देशमुख
(पगार खातेदार आणि कार लोन अर्जदार)

सोबत: डीलरच्या कोटेशनची प्रत, बुकिंग फॉर्मची प्रत, कर्ज अर्जाच्या पोचपावतीची प्रत